पुस्तक मिटून लिहायचं, उघडून तपासायचं

माझी भाची ऐरोलीला राहते. पर्यावरणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मार्चमध्ये एका रविवारी ती आमच्या नौपाड्यातल्या घरी प्रोजेक्टची फाइल घेऊन आली. विषय होता ठाणे खाडीतले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. मार्गदर्शकांनी पहिली सहा पानं परत केली होती आणि समासात एवढंच लिहिलं होतं, "स्वतःच्या शब्दांत लिहा."

"अगं मावशी, माझ्याच शब्दांत आहे ना! सगळे शब्द बदललेत मी," ती म्हणाली. बदलले होतेच. मूळ लेख डावीकडे उघडा ठेवून तिने 'वृद्धी'चं 'वाढ' केलं होतं, 'आढळतात'चं 'दिसतात' केलं होतं, एक कर्मणी वाक्य कर्तरी केलं होतं. वाक्यांचा क्रम मात्र तोच, सांगाडाही तोच. भिंतीला नवा रंग दिला म्हणून घर आपलं होत नाही.

मी गेली बरीच वर्षं मजकूर-संपादनाचं काम करते, आणि हा प्रकार मला पानोपानी भेटतो. त्यावरचा उपाय जुना आणि ऐकायला सोपा आहे. उतारा वाचायचा, पुस्तक मिटायचं, आठवेल तसं लिहायचं, मग पुस्तक उघडून ताडून पाहायचं. बहुतेक जण पहिल्या तीन पायऱ्या करतात आणि चौथीवर "हो, साधारण तेच आहे" म्हणून उठतात. खरं काम चौथ्या पायरीवर असतं. त्या दिवशी आम्ही दोघींनी एकच उतारा घेऊन सगळं पहिल्यापासून केलं. ते इथे देते.

उतारा

तिच्या स्रोतांमधला उतारा इथे जसाच्या तसा देत नाही. तीच माहिती घेऊन, तसल्याच छापील भाषेत मी हा सरावासाठी लिहिला:

"ठाणे खाडीत दर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे मोठे थवे उतरतात. त्यांत मोठा रोहित व छोटा रोहित या दोन्ही जाती असल्या तरी छोट्या रोहिताची संख्या बरीच अधिक असते. छोट्या रोहिताचा मुख्य आहार निळे-हिरवे शेवाळ असून, चोच उलटी पाण्यात बुडवून तो चिखलमिश्रित पाण्यातून ते गाळून घेतो. पिसांचा गुलाबी रंग आहारातील कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे येतो. खाडीत मिसळणाऱ्या सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस यांमुळे शेवाळाची वाढ होत असावी आणि त्यामुळे पक्षी येथे आकर्षित होत असावेत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग रोहित अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आला. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला."

सात वाक्यं, साधारण ९० शब्द. एका वेळी एवढंच घ्यावं. एक-दोनच वाक्यं घेतली तर ती पाठ होतात आणि मिटण्याचा उपयोग राहत नाही. दोन पानं घेतली तर शेवटी "रोहित येतात, शेवाळ खातात" एवढाच गाळ उरतो. एक परिच्छेद, फार तर दोन, पण विषय एकच.

मिटण्याआधी

उतारा दोनदा वाचायचा. पहिल्यांदा सरळ, न थांबता. दुसऱ्यांदा प्रत्येक वाक्याला विचारायचं की हे कोण म्हणतंय आणि किती खात्रीने म्हणतंय. हा प्रश्न नीट विचारला की पुढचं अर्धं तपासणीचं काम वाचतं. न कळलेला शब्द असेल तर तो याच वेळी शोधायचा, मिटल्यावर नाही.

मग एक चिटोरं घ्यायचं आणि त्यावर स्रोताचं नाव, पान क्रमांक, आकडे, विशेषनामं आणि पारिभाषिक शब्द उतरवायचे. बस, एवढंच. भाचीच्या चिटोऱ्यावर होतं: छोटा रोहित, कॅरोटिनॉइड, नायट्रोजन-फॉस्फरस, ऑगस्ट २०१५, १,६९० हे. काहींच्या मते चिटोरंही नको, सगळं डोक्यातूनच यावं. मला ते पटत नाही. आकडा आठवून लिहिण्यात कसलंही कौशल्य नाही, नुसती चूक व्हायची सोय आहे. पण चिटोऱ्यावर क्रियापद येऊ द्यायचं नाही, हा माझा नियम आहे. क्रियापद आलं की वाक्य आलं, आणि वाक्य आलं की ते मूळ लेखकाचंच असतं.

हा नियम मी ठेच लागून शिकले. पूर्वी ठाण्याच्या तळ्यांवर एक लेख लिहिताना मी टिपणवहीत एका जुन्या लेखातलं वाक्य अवतरणचिन्हांशिवाय उतरवून ठेवलं होतं. सहा महिन्यांनी वही उघडली तेव्हा ते मला माझंच वाटलं, चांगलंही वाटलं, आणि मी ते तसंच छापायला दिलं. एका वाचकाने मूळ पानाची प्रत पाठवली. खुलासा छापावा लागला. टिपणात काही जसंच्या तसं घ्यायचंच असेल तर त्याच क्षणी त्याला ठसठशीत अवतरणचिन्हं घालायची, "नंतर घालू" म्हणायचं नाही.

मिटणं

मिटणं म्हणजे खरोखर मिटणं. फोनवर दुसरी टॅब उघडली म्हणजे मिटलं नाही, कारण अडलं की अंगठा आपोआप मागे जातो. छापील असेल तर पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवा. पडद्यावर असेल तर पान बंद करा आणि शक्य असेल तर कागदावर लिहा.

मग पाच-दहा मिनिटं दुसरं काहीतरी करायचं. आम्ही चहा केला. हा वेळ फुकट जात नाही. मानसशास्त्रज्ञ जॅकलीन सॅक्स यांनी १९६७ मध्ये याच्याशी संबंधित एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना उतारा ऐकवायचा आणि मग त्यातलंच एक वाक्य, कधी जसंच्या तसं, कधी थोडं बदलून, पुन्हा समोर ठेवायचं. मधे आणखी सुमारे ८० अक्षरांचा मजकूर ऐकवला गेला, म्हणजे जेमतेम अर्धा मिनिट, तरी वाक्याची नुसती रचना बदललेली लोकांना ओळखता येईना. अर्थ बदललेला मात्र ते ओळखत होते. शब्द लवकर विरतात, अर्थ टिकतो. मधल्या पाच मिनिटांत आपल्याला नेमकं हेच हवं असतं. पण लिहिणं दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. एवढ्या वेळात अर्थाचेही कोपरे झिजतात.

लिहिणं

समोर कोणीतरी बसलंय आणि त्याला हे सांगायचंय, असं समजून लिहायचं. मी भाचीला म्हटलं, "मूळ जिथून सुरू झालं तिथून सुरू करू नकोस. तुझ्या प्रोजेक्टला यातलं काय हवंय, तिथून कर." तिला 'रंग आणि आहार' या भागासाठी हा उतारा हवा होता, म्हणून तिने रंगापासून सुरुवात केली. सुरुवात हलली की बाकीची वाक्यंही आपापली जागा नव्याने शोधतात. सांगाडा आपोआप मोडतो, शब्दांशी झटापट करावी लागत नाही.

न आठवलेल्या जागी रेघ ओढून पुढे जायचं. रेघ म्हणजे अपयश नव्हे. अंदाजाने भरलेला शब्द तपासताना निसटू शकतो, रेघ निसटत नाही.

तिने लिहिलं ते असं:

"आपल्या खाडीत थंडीत दिसणारे गुलाबी पक्षी बहुतेक छोटे रोहित असतात. ते जन्मतः गुलाबी नसतात. ते जे शेवाळ खातात त्यातल्या कॅरोटिनॉइडमुळे त्यांना तो रंग येतो. डोकं उलटं करून, चोचीने पाणी गाळून ते हे शेवाळ मिळवतात. खाडीत मिसळणाऱ्या सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस यांमुळे शेवाळ वाढतं, म्हणून रोहित इथे येऊ लागले. ऑगस्ट २०१५ मध्ये १,६९० हेक्टरची ठाणे खाडी अभयारण्य म्हणून जाहीर झाली, आणि ____ मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला."

वाचायला छान आहे. मूळ उताऱ्यापेक्षा जिवंतही आहे. आणि त्यात चार चुका आहेत.

अर्थाची तपासणी

आता पुस्तक उघडायचं. तपासणी दोनदा करायची, आणि दोन्ही वेळा दिशा उलटी. आधी आपल्या मजकुरातलं प्रत्येक विधान घ्यायचं आणि मुळात त्याला आधार कुठे आहे ते बोटाने दाखवायचं. सगळं झालं की उलट, मुळातलं एकेक वाक्य घ्यायचं आणि ते आपल्याकडे आलं का, नसेल तर मुद्दाम सोडलं की निसटलं, ते पाहायचं. नुसतं शेजारी ठेवून "जुळतंय" म्हटलं तर काही सापडत नाही, कारण दोन्ही मजकुरांचा विषय एकच असतो आणि डोळा त्याच्यावरच समाधान मानतो.

बोट ठेवायला लागल्यावर पहिलीच अडचण आली. "जन्मतः गुलाबी नसतात" याला मुळात जागाच सापडेना. भाची वैतागली, "पण हे खरं आहे ना! पिल्लं करडी असतात." खरंच आहे. तिने ते ऐकलं होतं ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने रोहित बघायला गेली होती तेव्हा. पण परिच्छेदाखाली ती या लेखाचा संदर्भ देणार, आणि या लेखात ते नाही. खरं असलं तरी ते चुकीच्या माणसाच्या तोंडी गेलं. अशी वाक्यं स्वतःच्या लक्षात येणं अवघड असतं, कारण ती खरीच असतात आणि आपल्याला माहीत असतात. म्हणून बोट ठेवायचं. वाक्य एकतर काढायचं, नाहीतर त्याचा वेगळा आधार शोधायचा.

दुसरी चूक सगळ्यांत जास्त दिसते. मुळात आहे "वाढ होत असावी", "आकर्षित होत असावेत", "काही अभ्यासकांचे मत". भाचीकडे आहे "वाढतं, म्हणून". 'असावी' गेलं, 'काही' गेलं, 'मत' गेलं, आणि अंदाजाची वस्तुस्थिती झाली. आठवणीत गाभा राहतो, त्याभोवतीचं कुंपण गळून पडतं. म्हणून मी तपासताना मूळ उताऱ्यातले असे शब्द आधी पेन्सिलने गोल करते: असावे, बहुधा, सुमारे, काही, मुख्य, फक्त, यांच्या मते, वगळता. मग प्रत्येक गोलाचा जोडीदार आपल्या मजकुरात शोधते. ९० शब्दांत असे पाच-सहा गोल सहज निघतात आणि दोन मिनिटांत हे होतं. भाचीच्या मजकुरातून 'मुख्य' आणि 'सुमारे'ही असेच गळले होते.

याच वाक्यात तिसरी चूक लपली आहे, आणि ती मलाही दुसऱ्या वाचनात दिसली. "येऊ लागले." म्हणजे आधी येत नव्हते, मग येऊ लागले. उताऱ्यात काळाबद्दल असं काही नाही. भाचीने ते ठरवून घातलं नव्हतं. कारण आणि परिणाम सांगताना गोष्ट तयार होते, आणि गोष्टीला 'आधी' आणि 'मग' लागतंच. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ बार्टलेट यांनी १९३२ मध्ये हेच दाखवलं होतं. त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक अपरिचित लोककथा वाचायला दिली आणि नंतर आठवून लिहायला सांगितली. लिहिताना 'कनू'ची साधी होडी झाली, सीलची शिकार जाऊन मासेमारी आली, अनाकलनीय घटनांना कारणं मिळाली. आठवण म्हणजे छायाप्रत नव्हे. ती गोष्ट आपल्या ओळखीच्या साच्यात बसवून परत देते. त्यामुळे 'म्हणून', 'त्यानंतर', 'लागले', 'अखेर' असे जोड देणारे शब्द आपल्या मजकुरात दिसले की तिथे थांबून मूळ पाहायचं.

चौथी चूक व्याप्तीची. "१,६९० हेक्टरची ठाणे खाडी अभयारण्य झाली." आकडा बरोबर, कारण तो चिटोऱ्यावर होता. पण मुळात 'खाडीचा भाग' आहे. नुसता शब्दच्छल वाटेल, पण आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलेलं ठाणे खाडीचं क्षेत्र सुमारे ६,५२१ हेक्टर आहे, अभयारण्याच्या जवळजवळ चौपट. भाचीचं वाक्य वाचणाऱ्याला वाटेल की दोन्ही एकच. चिटोऱ्यावर आकडा लिहिताना तो कशाचा, हेही लिहायला हवं होतं. "१,६९० हे. (खाडीचा भाग)". तो नियम मी तेव्हापासून लावला.

रेघेची जागा २०२२ ने भरली. उलट दिशेच्या तपासणीत एकच गोष्ट निघाली. मोठ्या रोहिताचा उल्लेख गेला होता. तिच्या भागासाठी तो फार महत्त्वाचा नव्हता, पण अर्ध्या वाक्यात मावत होता, म्हणून घेतला.

शब्दांची तपासणी

अर्थ दुरुस्त झाल्यावरच शब्द पाहायचे. क्रम उलटा केला तर वेगळेपणाच्या नादात अर्थ आणखी सरकतो. दोन्ही मजकूर शेजारी ठेवा आणि सलग चार किंवा अधिक शब्द सारखे असतील तिथे रेघ ओढा. नावं आणि पारिभाषिक शब्द सोडून द्या. 'निळे-हिरवे शेवाळ'ला दुसरं नाव शोधत बसू नका, वाचक गोंधळतो.

भाचीच्या मजकुरात एकच रेघ ओढली गेली, पण लांबलचक: "खाडीत मिसळणाऱ्या सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस यांमुळे". बाकी सगळं बोलीभाषेत, आणि मधेच हे छापील भाषेतलं गाठोडं. हे बघताच मी विचारलं, "नायट्रोजन-फॉस्फरसने शेवाळ का वाढतं गं?" ती गप्प. तिला ते ठाऊकच नव्हतं. मूळ वाक्य जसंच्या तसं आठवलं, तर बहुतेक वेळा ते कळलेलं नसतं. कळलेलं विरघळतं, न कळलेलं अख्खं राहतं. अशा जागी शब्द बदलणं हा उपाय नाही, समजून घेणं हा आहे. शेतकरी खताच्या गोणीतून पिकाला जे घालतो त्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस असतात, तेच सांडपाण्यातून खाडीत जातात आणि शेवाळाला खत मिळतं, एवढं सांगितल्यावर तिने वाक्य एका दमात नवं लिहिलं.

दुरुस्त परिच्छेद असा झाला:

"थंडीत ठाणे खाडीत उतरणाऱ्या रोहितांत मोठे रोहितही असतात, पण छोटे रोहित बरेच जास्त. छोट्या रोहितांची पिसं गुलाबी दिसतात ती त्यांच्या खाण्यातल्या कॅरोटिनॉइडमुळे. त्यांचं मुख्य खाणं निळं-हिरवं शेवाळ. डोकं उलटं करून ते गढूळ पाणी चोचीत घेतात आणि शेवाळ गाळून ठेवतात. काही अभ्यासकांना वाटतं की सांडपाण्यातून येणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस इथल्या शेवाळाला खतासारखे उपयोगी पडत असावेत, आणि त्या शेवाळासाठी पक्षी येत असावेत. खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा पट्टा ऑगस्ट २०१५ पासून रोहित अभयारण्य आहे. २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर पाणथळींच्या यादीत गेली."

या परिच्छेदाखाली मूळ लेखाचा संदर्भ द्यायचाच. शब्द आपले झाले म्हणून माहिती आपली होत नाही. कॉलेजांत एक गैरसमज पसरलेला दिसतो की सलग १४ शब्दांपर्यंत उचललं तर चालतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १४ हा आकडा आहे, पण तो साम्य मोजताना सर्वज्ञात किंवा योगायोगाने जुळणारे शब्द वगळण्यासाठी आहे. तेरा शब्द न सांगता घ्यायची ती परवानगी नव्हे.

स्रोत इंग्रजी असेल तर आणखी एक सापळा आहे. वाक्यामागून वाक्य मराठीत आणलं की सगळे शब्द वेगळे दिसतात आणि काम झालंसं वाटतं. पण ते भाषांतर असतं. मांडणी, उदाहरणं, क्रम सगळं मूळ लेखकाचं राहतं. शिवाय मराठी 'द्वारे' आणि 'ज्यामुळे की'ने अडखळायला लागते. इंग्रजी पान मिटून मराठीत लिहिलं की दोन्ही रोग एकदम जातात. फक्त चिटोऱ्यावर संज्ञा दोन्ही भाषांत लिहून ठेवाव्यात.

कुठे ही रीत चालत नाही

कायद्याचं कलम, शास्त्रीय व्याख्या, औषधाचं प्रमाण, कवितेची ओळ इथे मिटून लिहायच्या फंदात पडू नये. तिथे शब्दच मजकूर असतो. अवतरणचिन्हांत जसंच्या तसं घ्यावं आणि पुढे आपलं म्हणणं मांडावं. आकड्यांनी गच्च भरलेल्या उताऱ्याचाही फायदा नाही, त्याचा तक्ता करावा. आणि एखादं वाक्य मूळ लेखकाने इतकं नेमकं लिहिलेलं असतं की आपण तीनदा लिहून तीनदा फिकं होतं. तेव्हा हट्ट सोडून तेही अवतरणात घ्यावं. प्रोजेक्टभर अशी दोन-तीन वाक्यं असली तर कोणी हरकत घेत नाही. पानाला पाच झाली की मार्गदर्शकांची लाल शाई पुन्हा चालते.

या एका परिच्छेदाला आम्हाला चहा धरून पाऊण तास लागला. दुसऱ्याला पंचवीस मिनिटं लागली, कारण गोल करायचे शब्द तिला आता दुरूनच दिसत होते. निघताना तिने मूळ पानाची प्रत, चिटोरं आणि पहिला कच्चा मजकूर एकत्र पिन करून फाइलमध्ये ठेवला, म्हणजे कोणी विचारलं तर दाखवता येईल. करड्या पिल्लांचं वाक्य मात्र तिला सोडवेना. पुढच्या आठवड्यात तिने ते पक्ष्यांच्या एका मार्गदर्शिकेत पान क्रमांकासकट शोधून काढलं आणि वेगळा संदर्भ देऊन पुढच्या परिच्छेदात घातलं.